आजीचं ‘पुसणं’
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं की, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस तर त्याबद्दल बोल. पण माझ्या कामाबद्दल ऐकून माझ्या घरचेसुद्धा दहाव्या मिनिटाला उठून जातात. म्हणून आज मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. तुमच्यातल्या काहींना तो आठवेल, कारण तो शब्द आपल्याच वर्गात, सातवीत, माझ्या निबंधाच्या वहीत निघाला होता.

निबंधाचा विषय ‘माझे गाव’ असा होता. मी लिहिलं होतं, “मी आजीला पुसले की हे झाड कोणी लावले.” बाईंनी ‘पुसले’भोवती लाल शाईनं गोल केला आणि वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. “आजीला पुसलंस? कशानं, फडक्यानं?” सगळा वर्ग हसला. बाईंचं काही चुकलं असं मी आज म्हणणार नाही. परीक्षेत मार्क जाऊ नयेत हीच त्यांची काळजी होती. मात्र हसणाऱ्यांबद्दल एक सांगते. तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या घरी तेव्हा तोच शब्द बोलला जात होता, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी तुमच्याकडे जेवायला येत असे.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. त्या सुट्टीत मी मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावी गेले आणि आजीला सुधारायला बसले. आजी म्हणाली, “त्याले पूस बरं, जेवते का म्हणून.” मी म्हटलं, “आजी, पुसणं म्हणजे फडक्यानं. माणसाला विचारायचं असतं.” आजी काही बोलली नाही. पण त्यानंतर माझ्या मैत्रिणी घरी आल्या की ती बोलताना मध्येच अडखळायची, आणि मग सावकाश म्हणायची, “इचार... इचार त्याईले.” दोन-तीन वर्षं मला याचा अभिमान वाटत होता. नंतर मी ते विसरले. आजी मात्र विसरली नाही. मोठेपणी माझ्या लक्षात आलं की, घरात सगळ्यांशी ती ‘पूस’ म्हणते आणि माझ्याशी ‘इचार’ म्हणते.

आजी आता नव्वदीच्या पुढे आहे. मागच्या दिवाळीत मी तिच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करत होते, तेव्हा हा शब्द पुन्हा कानावर आला, आणि माझ्या डोक्यात आलं की हा शब्द आला तरी कुठून? काका बाजूलाच होते. ते म्हणाले, “हिंदीतून. पूछना, पूछ, पूस. आपल्या इकडे हिंदी घुसलेलीच आहे.” वऱ्हाडी बोलीबद्दल कुणीही हेच उत्तर देतं. म्हणजे बाईंच्या हिशेबात हा शब्द चुकीचा, आणि काकांच्या हिशेबात उसना. माझ्या कामात एखादा दोष सापडला की तो पहिल्यांदा कुठून आत आला हे शोधावं लागतं, आणि समोर दिसणाऱ्या पहिल्या कारणावर विश्वास ठेवायचा नसतो. मी ठरवलं की हे नीट तपासायचं.

सुरुवातच चुकली. मी आजीला थेट म्हटलं, “आजी, ‘विचारणे’ याला तू काय म्हणतेस?” ती म्हणाली, “इचारनंच म्हनतो नं.” अर्थातच. मी प्रश्नातच उत्तर दिलं होतं, शिवाय तिला सुधारणारी नात समोर बसली होती. बोलीभाषेचा शब्द मिळवताना हा घोटाळा हमखास होतो. ज्याला आपण शब्द ‘विचारतो’ तो माणूस आपल्याला आवडेल तो शब्द देतो. म्हणून दुसऱ्या वेळी मी शब्दाचं नावच काढलं नाही. म्हटलं, “आजी, परक्या गावात रस्ता चुकला तर तू काय करशील?” ती लगेच म्हणाली, “करा काय लागते? कोनालेबी पुसा लागते.” हाच प्रश्न मी आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकला होता, आठवतं का? ‘घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला हे विचारा आणि उत्तर जसंच्या तसं, आवाजासकट पाठवा.’ ज्यांची मुळं आपल्या वऱ्हाडात आहेत त्यांच्या घरून बऱ्याच वेळा ‘पुसतो’, ‘पुसलं’ आलं. एकाच्या सासूबाई मालवणच्या, त्यांच्याकडून ‘इचारूक व्हया’ असं आलं. ज्यांनी आवाज न पाठवता नुसतं टाइप करून पाठवलं त्यांची उत्तरं मी बाजूला ठेवली, कारण टाइप करताना आपण सगळे सातवीतल्या बाईंना घाबरतो.

रेकॉर्डिंगमधून आणखी एक गोष्ट कळली, जी नुसत्या शब्दांच्या यादीतून कधीच कळली नसती. आजी ‘पुसणे’ दोन्ही अर्थांनी वापरते. “ताट पूस” आणि “त्याले पूस”. तिचा गोंधळ कधीच होत नाही, कारण माणसापुढे ‘ले’ येतो आणि ताटापुढे येत नाही. “आल्यावर त्याले पुसजो” म्हटलं की कुणी फडकं शोधायला जात नाही. शब्द उतरवून घेताना पूर्ण वाक्य घ्यायचं ते यासाठीच.

मग मी शब्दकोशांकडे वळले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. त्यातला मजकूर घेऊन मी ‘पुसणे’ शोधलं तर काहीच मिळालं नाही. अर्धा तास वाटलं की शब्द कोशातच नाही. नंतर ट्यूब पेटली. त्या काळी ‘पुसणें’ असं शेवटी अनुस्वार देऊन लिहीत. माझ्या शोधात एक टिंब कमी होतं. जुन्या मराठीत काहीही शोधायचं असेल तर हे टिंब लक्षात ठेवा. टिंब दिल्यावर ‘पुसणें’ मिळालं, आणि त्यात पुसून काढणं आणि प्रश्न करणं, दोन्ही अर्थ होते. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा शब्द कोशकारांच्या लेखी मराठीच होता, चूक नव्हता.

यानंतर मी शेवट सोडून नुसतं ‘पूस’ शोधलं. अशा शोधात कचरा फार येतो. आमच्या भागाला साजेसा पहिला निकाल ‘कापूस’ होता. पण त्याच यादीत खाली एक शब्द होता, आणि तो पाहून मी खुर्चीतून उठलेच. ‘विचारपूस’. आपण सगळे रोज म्हणतो, वर्तमानपत्रं छापतात, मंत्री दवाखान्यात जाऊन रुग्णांची करतात ती विचारपूस. त्यातला ‘पूस’ म्हणजे काय, हे मी चाळीस वर्षांत स्वतःला पुसलं नव्हतं. मराठीत असे जोडशब्द पुष्कळ आहेत, ज्यांत एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी बसवलेले असतात. ‘बाजारहाट’ घ्या. बाजार फारसीतून आलेला, हाट इथला जुना. ‘विचारपूस’मध्येही तसंच आहे. अर्धा शब्द बाईंचा आणि अर्धा माझ्या आजीचा.

पण काकांचा मुद्दा अजून शिल्लक होता. मोल्सवर्थच्या आधीही हिंदी होतीच की. मग शब्द हिंदीतून आलेला नाही हे कशावरून? इथे मला एका जुन्या पुस्तकाची मदत झाली. झ्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा मराठी कशी घडली यावरचा ग्रंथ १९२० साली निघाला. त्यात त्यानं दाखवलेल्या अनेक नियमांपैकी आपल्याला एकच पुरेसा आहे. प्राकृतात जिथे ‘छ’ किंवा ‘च्छ’ होता तिथे हिंदीत ‘छ’ टिकला, आणि मराठीत त्याचा ‘स’ झाला. पुढे इ किंवा ए असेल तर ‘श’ झाला.

हे तुम्ही आत्ता इथे बसल्या-बसल्या तपासू शकता. हिंदीत छुरी, मराठीत सुरी. हिंदीत छाल, मराठीत साल. हिंदीत छह, मराठीत सहा. हिंदीत कछुआ, मराठीत कासव. हिंदीत बछड़ा, मराठीत वासरू. हिंदीत मछली, मराठीत मासळी. आणि पुढे इ आली की हिंदीत छींक, मराठीत शिंक. एकदा हे कानात बसलं की थांबवत नाही. माझ्या मुलाला आठवडाभर मी याच खेळानं छळलं.

आता याच रांगेत आजीचा शब्द ठेवा. संस्कृतात पृच्छ, प्राकृतात पुच्छ. हिंदीत पूछना, गुजरातीत पूछवुं, आणि मराठीत नियमाप्रमाणे ‘पुसणे’ हाच शब्द व्हायला हवा. काकांचं म्हणणं खरं असतं, म्हणजे शब्द अलीकडे हिंदीतून उचललेला असता, तर आजी ‘पुछ’ म्हणाली असती. कारण आपण उसने शब्द घेतो तेव्हा त्यातला छ तसाच ठेवतो. बिछाना, पिछाडी, अच्छा हे सगळे छ घेऊन आले आणि छ घेऊनच राहिले. त्यांचा कुणी ‘बिसाना’ केला नाही. आजीच्या तोंडचा तो एक ‘स’ म्हणजे हा शब्द मराठीबरोबरच वाढल्याची खूण आहे.

नियम जिथे बसत नाही तिथेही तो तपासायचा असतो. मला अडवलं ते विंचवानं. हिंदीत बिच्छू, तर मराठीत ‘विसू’ का नाही? मी प्राकृतात मागे गेले तेव्हा उलगडा झाला. प्राकृतात या प्राण्याला अनुनासिकासह ‘विंचुअ’ असंही रूप होतं, आणि मराठीचा विंचू त्या रूपातून आला. म्हणजे मराठी विंचवाच्या वाटेवर छ कधी लागलाच नाही. अपवाद निघाला की नियम लगेच टाकून द्यायचा नसतो, आणि दामटूनही न्यायचा नसतो. दोन्ही शब्द खरोखर एकाच रूपातून निघाले का, हे आधी पाहायचं.

मग फडक्याचं ‘पुसणे’ कुठलं? तो पूर्ण वेगळा शब्द आहे. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात संस्कृत ‘मृज्’ म्हणजे घासणं-पुसणं, याच्या जागी प्राकृतात कोणकोणते धातू चालतात याची यादी आहे. त्या यादीत पुंछ, पुंस, पुस असे बरेच आहेत. हिंदीचा पोंछना आणि आपलं फडक्याचं पुसणं हे या घराण्यातले. म्हणजे प्राकृत बोलणाऱ्याला ‘पुच्छ’ आणि ‘पुस’ असे दोन वेगळे शब्द ऐकू येत होते. हिंदीतही पूछना आणि पोंछना आजवर वेगळे आहेत. मराठीत मात्र च्छचा स झाला आणि दोन निराळी माणसं एकाच नावानं हजर झाली. आमच्या धंद्यात दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलं की कधी ना कधी कुणीतरी एकाचं नाव बदलतो. प्रमाण मराठीनं कदाचित तेच केलं. प्रश्नासाठी ‘विचारणे’ ठेवलं आणि ‘पुसणे’ फडक्याला देऊन टाकलं.

‘कदाचित’ मी मुद्दाम म्हटलं. हा खुलासा मला फार आवडला होता आणि म्हणूनच मी त्याच्याकडे संशयानं पाहिलं. ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्यात प्रश्न करण्यासाठी पुसणं सर्रास आहे. तुकोबांच्या गाथेतही आहे. म्हणजे हे दोन सारखे शब्द कित्येक शतकं एका घरात सुखानं नांदले, जसे आजीच्या घरात आजही नांदतात. एका नावामुळे अडचण झाली असती तर ती एवढी वर्षं का थांबली, याचं उत्तर माझ्या खुलाशाकडे नाही. शब्द वऱ्हाडात का टिकला याबद्दलही तसंच आहे. शेजारची हिंदी रोज कानावर ‘पूछ, पूछ’ करत असताना आपल्या ‘पूस’ला आधार मिळाला असणं शक्य आहे. तेवढ्यापुरते काका बरोबर असतील. स मुळे एवढंच ठरतं की शब्द उसना नाही. तो टिकायला कुणाचा हात लागला हे त्या स वरून ठरत नाही.

एक गोष्ट मात्र मला नकाशा पाहताना उगाचच सुखावून गेली. आमच्याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचं रिद्धपूर, जिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. मराठी गद्याचा तो आरंभीचा ग्रंथ. त्यात शिष्य स्वामींना आणि स्वामी शिष्यांना सतत काही ना काही पुसत असतात. ‘पुसिलें’ हा शब्द तिथे इतक्या वेळा भेटतो की मी मोजणं सोडून दिलं. लहानपणी आम्ही आजीबरोबर बैलगाडीतून त्या गावावरून जात होतो. मी तेव्हा निबंधातल्या लाल गोलाबद्दल रुसून बसले होते की नाही ते आठवत नाही. बसले असेन.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अजून अशी माणसं आहेत त्यांना एकच विनंती आहे. शब्द मागू नका. प्रसंग द्या आणि बोलू द्या. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं गाव, वय आणि माहेर आठवणीनं सांगा. माहेर विशेष, कारण आजीचे काही शब्द सासरच्या गावात कुणालाच कळत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. मी गोळा केलेली रेकॉर्डिंग मी जपून ठेवली आहेत, त्यात तुमच्या आज्या-आजोबांचेही आवाज आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी जेवणानंतर मला गाठा.

हे सगळं झाल्यावर मी गावी गेले आणि आजीला सांगितलं. ज्ञानेश्वरी, रिद्धपूर, सुरी-छुरी सगळं. ती ओट्यावर बसून तूर निवडत होती. मी म्हटलं, “आजी, तुझा शब्द बरोबर होता. सातशे वर्षांपासून बरोबर होता. बाईंनाच ठाऊक नव्हतं, आणि मी उगीच तुला सुधारलं.” तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही. मग ती माझ्याकडे न बघताच म्हणाली,

“मंग तवाच बाईले काहून नाही पुसलं?”